किमान वर्ग पद्धतीतला काटकोन नेमका कुठे असतो?

पाटीपेन्सिल

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके घेते. स्प्रिंगला 50 ग्रॅमच्या चकत्या एकेक करून अडकवायच्या, दर वेळी दर्शक फूटपट्टीवर कुठे येतो ते पाहून लांबी लिहायची आणि आलेखावरच्या रेषेच्या चढावरून स्प्रिंगचा स्थिरांक काढायचा, हा आमचा नेहमीचा प्रयोग आहे. एका गटाच्या नोंदी अशा आल्या: एका चकतीला 12.1 सेंमी, दोन चकत्यांना 14.0, तिनांना 16.2 आणि चारांना 17.7.

मुलांनी पारदर्शक पट्टी ठेवून अंदाजाने रेषा ओढली आणि ती त्यांनी y = 10 + 2t अशी वाचली (t म्हणजे चकत्यांची संख्या). मी किमान वर्ग पद्धतीच्या पाठ असलेल्या सूत्रात आकडे घातले, तेव्हा y = 10.25 + 1.9t मिळाले. इथवर काही अडचण नव्हती.

एका विद्यार्थ्याने मात्र कुठेतरी वाचले होते की ही रेषा म्हणजे एक "लंबप्रक्षेप" असतो, म्हणजे बिंदूवरून लंब टाकल्यासारखे काहीतरी. त्याने आलेखावरच्या चारही बिंदूंपासून माझ्या रेषेवर गुण्याने लंब टाकले, त्यांची अंतरे मोजली, त्यांच्या वर्गांची बेरीज केली आणि ती सूत्राशी कुठेच जुळत नाही म्हणून तो माझ्याकडे आला. मला उत्तर देता आले नाही. सूत्र काढताना आम्हाला कॅल्क्युलस शिकवले होते, लंब कुणी दाखवलाच नव्हता. मग हा काटकोन आहे तरी कुठे?

निळी शाई

विद्यार्थ्याचे बरोबर आहे असे मला वाटते. बिंदूपासून रेषेचे सर्वांत कमी अंतर हे लंबाचेच असते, हे आपण आठवीतच शिकतो, तेव्हा सर्वांत चांगली रेषा लंब अंतरांवरूनच ठरायला हवी. पूर्वी हाताने आकडेमोड करताना लंब अंतरे काढणे जिकिरीचे होते, म्हणून सोय म्हणून उभी अंतरे घेण्याची प्रथा पडली असावी. आता संगणक आहेत, त्यामुळे खरे तर लंबच घ्यावेत. फरक फार पडत नसल्यामुळे कुणी तक्रार करत नाही, इतकेच.

उंबरठा

निळी शाई, आपल्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे: लंब अंतरांवरून रेषा बसवण्याची वेगळी पद्धत आहे आणि तिचे उत्तर इथे फारसे वेगळे येत नाही. पण "सोय म्हणून उभी अंतरे" हे कारण नव्हे. पाटीपेन्सिल ताईंच्याच आकड्यांवर लंब अंतरांची पद्धत चालवून पाहा. लांबी सेंटिमीटरमध्ये मांडली तर चढ 1.907 येतो. तीच लांबी मिलिमीटरमध्ये मांडून पुन्हा रेषा बसवली आणि चढ परत सेंटिमीटरमध्ये आणला तर 1.909 येतो, आणि आडव्या अक्षावर चकत्यांऐवजी ग्रॅम घेतले तर 1.900. स्प्रिंग तीच आणि नोंदीही त्याच, तरी एकक बदलताच उत्तर हलते. उभ्या अंतरांच्या पद्धतीत कुठलेही एकक घ्या, उत्तर 1.9 च राहते.

असे होते, कारण त्या आलेखाच्या आडव्या अक्षावर वजन आहे आणि उभ्या अक्षावर लांबी. ग्रॅम आणि सेंटिमीटर यांच्यामध्ये कोन कसला मोजणार? कागदावर दिसणारा काटकोन हा आपण अक्षांना कोणते प्रमाण दिले त्यावर ठरतो. प्रमाण बदलले की तो काटकोन राहत नाही. विद्यार्थ्याने काटकोन शोधला हे योग्यच झाले, मात्र तो चुकीच्या चित्रात शोधला.

योग्य चित्र काढायला आलेखाचा कागद क्षणभर बाजूला ठेवावा लागेल. चार नोंदी हे चार बिंदू आहेत असे न धरता, चारही मिळून एकच सदिश आहे असे धरा: y = (12.1, 14.0, 16.2, 17.7). हा चार मितींच्या अवकाशातला एक बिंदू झाला. त्या अवकाशाला चार अक्ष आहेत, पहिल्या नोंदीचा एक, दुसऱ्या नोंदीचा एक, याप्रमाणे, आणि मुख्य म्हणजे चारही अक्षांवर सेंटिमीटरच आहेत. इथे काटकोनाला अर्थ आहे.

आता c + mt या साच्यातली कोणतीही रेषा चार ठिकाणी कोणत्या लांब्या सांगेल? c + m, c + 2m, c + 3m आणि c + 4m. म्हणजे c गुणिले (1, 1, 1, 1) अधिक m गुणिले (1, 2, 3, 4). पहिल्या सदिशाला u म्हणू आणि दुसऱ्याला t. c आणि m यांना वाटेल त्या किमती दिल्या की u आणि t यांनी पसरलेले एक सपाट प्रतल तयार होते. आलेखावरची प्रत्येक रेषा म्हणजे त्या प्रतलावरचा एक बिंदू, हे एकदा नीट डोक्यात बसू द्या. पुढचे सारे त्यातून आपोआप येते.

आपला y त्या प्रतलावर नाही. तो असता तर चारही बिंदू एका रेषेत आले असते. म्हणून y पासून सर्वांत जवळचा असा प्रतलावरचा बिंदू शोधायचा. त्याला p म्हणू. उंच आकाशकंदिलापासून अंगणातली सर्वांत जवळची जागा ही त्याच्या बरोबर खालची असते, तसाच p हा y च्या बरोबर "खाली" असतो, आणि उरलेला सदिश e = y − p हा साऱ्या प्रतलाला लंब असतो. विद्यार्थी शोधत होता तो काटकोन हाच. आलेखावरची चार उभी अंतरे म्हणजे या एकाच e चे चार घटक, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे e च्या लांबीचा वर्ग.

आता समीकरणे मांडू. e साऱ्या प्रतलाला लंब असण्यासाठी तो u ला आणि t ला लंब असला की पुरते, कारण प्रतलावरचा प्रत्येक सदिश या दोघांपासूनच बनलेला आहे. लंब म्हणजे अदिश गुणाकार शून्य. u शी गुणाकार शून्य म्हणजे चारही फरकांची बेरीज शून्य, आणि t शी गुणाकार शून्य म्हणजे प्रत्येक फरकाला त्याच्या चकत्यांच्या संख्येने गुणून केलेली बेरीज शून्य. आकडे घातले की:

```
 4c + 10m =  60.0
10c + 30m = 159.5
```

यांची उकल m = 1.9 आणि c = 10.25. यांनाच नॉर्मल समीकरणे म्हणतात, आणि इथे नॉर्मल म्हणजे "सर्वसाधारण" नव्हे, लंब. u आणि t हे ज्याचे दोन स्तंभ आहेत अशा सारणीला A आणि c, m यांच्या सदिशाला x म्हटले, तर हीच दोन समीकरणे AᵀAx = Aᵀy अशी एका ओळीत लिहिता येतात. त्यात याहून वेगळे काही नाही.

त्रिज्या

उंबरठा सर, मांडणी सुंदर आहे, पण हा द्राविडी प्राणायाम वाटतो. फरकांच्या वर्गांची बेरीज S लिहावी, c आणि m यांच्या सापेक्ष आंशिक अवकलन करून दोन्ही शून्य धरावीत, की दोन ओळींत हीच समीकरणे मिळतात. लजांद्र याने 1805 साली धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाच्या परिशिष्टात ही पद्धत पहिल्यांदा छापली, तेव्हा त्यानेही किमान मूल्याच्या वाटेनेच समीकरणे काढली होती. चार मितींचे अवकाश त्या मुलाला दाखवून काय साधणार?

उंबरठा

त्रिज्या ताई, लजांद्रचे उदाहरण आपण दिले हे बरे झाले. त्याने अवकलन केले हे खरे, पण शेवटी वाचकाच्या हाती त्याने जो नियम दिला तो असा: ज्या अज्ञातासाठी समीकरण हवे असेल, त्याच्या गुणकाने प्रत्येक मूळ समीकरण गुणावे आणि सर्वांची बेरीज करावी. हा नियम म्हणजे त्या अज्ञाताच्या स्तंभाशी केलेला अदिश गुणाकारच आहे. काटकोन हा शब्द त्याने वापरला नाही, एवढेच.

अवकलनाने समीकरणे मिळतात, पण मिळालेले उत्तर खरोखर किमान आहे आणि बाकीच्या रेषा त्याहून नेमक्या किती वाईट आहेत, हे त्यातून लगेच दिसत नाही. चित्रातून ते दिसते. मुलांची अंदाजाची रेषा 10 + 2t घ्या. तिच्या लांब्या 12, 14, 16 आणि 18, आणि फरक 0.1, 0, 0.2 आणि −0.3. वर्गांची बेरीज 0.14. सूत्राच्या रेषेचे फरक −0.05, −0.05, 0.25, −0.15 आणि वर्गांची बेरीज 0.09. आता मुलांच्या रेषेचा बिंदू q आणि आपला p, हे दोन्ही एकाच प्रतलावर आहेत. त्यांच्यातले फरक 0.15, 0.05, −0.05 आणि −0.15, ज्यांच्या वर्गांची बेरीज 0.05 येते. 0.09 + 0.05 = 0.14. हे पायथागोरसचे प्रमेय आहे: y, p आणि q यांचा काटकोन त्रिकोण, आणि काटकोन p पाशी. प्रतलावरचा q कुठलाही घ्या, कर्ण हा बाजूपेक्षा मोठाच असणार, त्यामुळे किमान सिद्ध करायला दुसरे अवकलज तपासावे लागत नाही.

निळी शाई

माझी चूक मान्य आहे, एककांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरी एक सोपी कसोटी सुचवतो, जी वर्गात वापरता येईल. रेषेच्या वरचे फरक आणि खालचे फरक एकमेकांना पूर्ण फेडत असतील, म्हणजे त्यांची बेरीज शून्य येत असेल, तर ती रेषा किमान वर्गांची आहे असे समजायला हरकत नसावी. पट्टी जरा वरखाली करून हे तपासता येईल.

पाटीपेन्सिल

निळी शाई, मलाही आधी तसेच वाटले होते, पण आत्ताच मुलांच्या रेषेचे फरक बेरजेला घेतले: 0.1 + 0 + 0.2 − 0.3, म्हणजे बेरीज शून्यच येते! ती रेषाही सरासरी बिंदूतून, म्हणजे अडीच चकत्या आणि 15 सेंमी यांतून जाते. तरीही ती किमान वर्गांची नाही. मग दुसरी कसोटी लावली: 0.1 × 1 + 0 × 2 + 0.2 × 3 − 0.3 × 4 = −0.5. ही शून्य नाही. सूत्राच्या रेषेला मात्र −0.05 − 0.10 + 0.75 − 0.60 = 0 येते. म्हणजे मुलांच्या रेषेचा शेष-सदिश u ला लंब आहे, पण t ला नाही. तो एका बाजूने ताठ आणि दुसऱ्या बाजूने कललेल्या खांबासारखा आहे, असे म्हटले तर चालेल का?

उंबरठा

चालेल की. ताठ खांब तपासताना गवंडी ओळंबा एकाच बाजूने लावत नाही, दोन बाजूंनी लावतो, तेच इथे करायचे. आणि −0.5 हे ऋण आले यावरून कल कुठे आहे तेही कळते: जास्त चकत्यांपाशी रेषा नोंदींच्या वर जाते आहे, म्हणून चढ कमी करायला हवा. 2 वरून 1.9 वर आपण आलो ते याच दिशेने.

बांधावरचा

धागा वाचून माझा बराच जुना प्रश्न सुटेल असे वाटले. मी जमीन मोजणीचे काम करतो. एका शेताच्या बांधावरचे सात दगड आम्ही मोजले आणि प्रत्येकाचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण निर्देशांक मीटरमध्ये काढले. दगड एका सरळ रेषेत असायला हवेत, पण थोडे पुढेमागे आहेत. मी स्प्रेडशीटमधली रेषा बसवण्याची सोय वापरली. बांध जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे आणि मिळालेली रेषा भलतीच तिरकी आली, इतकी की शेजाऱ्याने ती पाहून हुज्जत घातली. अक्षांची अदलाबदल केली तर रेषा एकदम नीट आली. प्रक्षेपाने हे कसे सोडवायचे ते कृपया सांगावे.

उंबरठा

बांधावरचे साहेब, आपला प्रश्न दिसायला सारखा असला तरी वेगळा आहे, आणि इथे निळी शाई यांचे पहिले उत्तर लागू पडते. ताईंच्या प्रयोगात चकत्यांची संख्या बिनचूक आहे आणि चूक फक्त लांबी वाचण्यात आहे, म्हणून फरक फक्त उभ्या दिशेने मोजले. आपल्या दगडांत दोन्ही निर्देशांक मोजलेले आहेत, दोन्हींत सारखीच चूक आहे आणि दोन्ही मीटरमध्ये आहेत. तिथे कागदावरच्या काटकोनाला अर्थ आहे.

स्प्रेडशीटने काय केले ते पाहा. पूर्वेचा निर्देशांक बिनचूक आहे असे तिने गृहीत धरले आणि सारा दोष उत्तरेच्या निर्देशांकावर टाकला. जवळजवळ उभ्या बांधावर पूर्वेच्या आकड्यांत जो काही थोडा बदल दिसतो तो बहुतांशी मोजणीच्या चुकीचाच असतो, आणि तशा आकड्यांवर चढ टांगला की तो खऱ्यापेक्षा कमी निघतो, म्हणून रेषा झोपते. आपल्याला हवे ते असे: सातही दगडांचा सरासरी बिंदू काढावा, त्यातून जाणारी अशी रेषा शोधावी की तिच्यापासूनच्या लंब अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान होईल. त्याची समीकरणे वरची नव्हेत. तिथे दोन गुणिले दोन सारणीचा आयगेन सदिश काढावा लागतो. अक्षांची अदलाबदल करून उत्तर जवळपास बरोबर आले, कारण बांध जवळजवळ उभा होता. बांध 45 अंशांत असता तर दोन्हीपैकी कुठलीच रेषा पुरती बरोबर आली नसती.

बांधावरचा

समजले. म्हणजे शेजाऱ्याचे बरोबर होते म्हणायचे. त्याला हे सांगणार मात्र नाही.

कोष्टक

मी संगणकावर काम करणारा माणूस, त्यामुळे एक सावधगिरी नोंदवतो. नॉर्मल समीकरणे कागदावर निर्दोष असली तरी आकडे कसे मांडले आहेत यावर त्यांचे बरेच काही अवलंबून असते. आमच्याकडे एकदा 2017 ते 2020 या चार वर्षांच्या नोंदींवर रेषा बसवायची होती आणि कुणीतरी वर्षाचा आकडा जसाच्या तसा t म्हणून घातला. चढाच्या सूत्राच्या छेदात 4 × (वर्षांच्या वर्गांची बेरीज) वजा (वर्षांच्या बेरजेचा वर्ग) येते. ते 65189496 वजा 65189476 आहे, म्हणजे फक्त 20. मधल्या पायरीत कुणी सहाच अंक ठेवले तर दोन्ही संख्या एकच होतात आणि छेद शून्य. आमच्या अहवालात चढ कसा आला असेल याची कल्पना करा.

चित्रातून पाहिले तर कारण स्पष्ट आहे. (1, 1, 1, 1) आणि (2017, 2018, 2019, 2020) यांच्यातला कोन अंशाच्या तिसाव्या भागाइतका आहे. एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दोन काड्यांवर प्रतल तोलायचे म्हटले तर ते डगमगणारच. ताईंच्या u आणि t मधला कोन सुमारे 24 अंश आहे, म्हणून तिथे काही बिघडत नाही.

उपाय साधा आहे. t मधून त्याची सरासरी वजा करावी. ताईंच्या आकड्यांत t ऐवजी −1.5, −0.5, 0.5, 1.5 घेतले की हा स्तंभ u ला स्वतःच लंब होतो. मग दोन समीकरणे एकमेकांत गुंतत नाहीत: सरासरी लांबी 15, आणि चढ म्हणजे 9.5 भागिले 5, म्हणजे 1.9. प्रतल तेच राहते, फक्त त्यावरच्या काड्या सरळ काटकोनात रोवल्या जातात. आणि संगणकावर करायचे तर AᵀA बनवूच नये. ते बनवले की कोनाचा त्रास दुपटीने नव्हे, वर्गाने वाढतो. मी हे वापरतो:

```
import numpy as np
t = np.array([1, 2, 3, 4])
y = np.array([12.1, 14.0, 16.2, 17.7])
A = np.column_stack([np.ones(4), t])
x = np.linalg.lstsq(A, y, rcond=None)[0]
print(x)
print(A.T @ (y - A @ x))
```

शेवटच्या ओळीत दोन शून्ये यायला हवीत. प्रत्यक्षात दशांशानंतर बारा-तेरा शून्ये असलेल्या इवल्या संख्या येऊ शकतात, त्याने घाबरू नये. तिथे 0.01 सारखे काही दिसले, तर मात्र काहीतरी चुकले आहे.

पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. विद्यार्थ्याला काल हे चित्र फळ्यावर काढून दाखवले. चार मिती काढता येत नाहीत म्हणून पहिल्या तीनच नोंदी घेतल्या, म्हणजे प्रतल आणि लंब खोलीच्या कोपऱ्यात हाताने दाखवता आले. त्याला पटले, पण त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला आणि तो मला इथे मांडायचा आहे.

फरकांकडे पाहिले तर तिसऱ्या नोंदीचा फरक 0.25 सेंमी आहे. आमची फूटपट्टी मिलिमीटरची आहे, तेव्हा अडीच मिलिमीटर ही वाचनातली किरकोळ चूक नव्हे. ती नोंद वगळून उरलेल्या तिन्हींवर रेषा बसवली तर 10.25 + 1.864t अशी येते आणि तिन्ही बिंदू तिच्यापासून पाव मिलिमीटरच्या आत बसतात. स्थिरांक 25.8 न्यूटन प्रति मीटर होता तो 26.3 होतो. तिसरी नोंद काढून टाकावी का? आणि एक गंमत: चढ बदलला, पण 10.25 तसाच राहिला, शंभरांशाचाही फरक नाही. हा योगायोग आहे का?

त्रिज्या

काढून टाकू नये, असे माझे मत आहे. नावडती नोंद काढली की उरलेल्या सुंदर दिसणारच. तीन बिंदूंवर रेषा बसवल्यावर चूक किती असेल याचा अंदाज घ्यायला एकच मिती उरते, आणि एवढ्यावरून "पाव मिलिमीटर" असे म्हणणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. वहीत जे आहे ते राहू द्यावे.

उंबरठा

10.25 न हलणे हा योगायोग नाही, आणि त्यातून प्रक्षेपाची आणखी एक बाजू दिसते. p हा y चा प्रक्षेप असल्यामुळे c आणि m दोन्ही y च्या घटकांत सरळ, एकघाती आहेत. ताईंच्या मांडणीत ते असे येतात: c = y₁ + 0.5y₂ + 0·y₃ − 0.5y₄, आणि m = −0.3y₁ − 0.1y₂ + 0.1y₃ + 0.3y₄. आकडे घालून ताडून पाहा. स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीत, म्हणजे c मध्ये, तिसऱ्या नोंदीचे वजन नेमके शून्य आहे. ती नोंद 16.2 असो वा 20, c ला त्याची खबरच लागत नाही. चढात तिचा वाटा 0.1 आहे आणि पहिल्या व शेवटच्या नोंदींचा त्याच्या तिप्पट. हीच अडीच-तीन मिलिमीटरची चूक चौथ्या नोंदीत असती तर तिने रेषा कितीतरी जास्त ओढली असती आणि स्वतःचा फरक लहान करून घेऊन लपलीही असती. टोकाच्या नोंदी अशाच लबाड असतात. फरक मोठा दिसला म्हणजे चूक तिथेच आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

नोंद वगळण्याबद्दल मी त्रिज्या ताईंशी अर्धाच सहमत आहे. फक्त फरक मोठा म्हणून वगळू नये, हे बरोबर. पण ती नोंद घेताना काही वेगळे घडले होते का, हे विचारायला हवे. स्प्रिंग हलत होती का, दर्शक डोळ्यांच्या पातळीत होता का, नोंद दुसऱ्याच मुलाने घेतली का? कारण सापडले तर वगळावी, नाहीतर पुन्हा मोजावी.

निळी शाई

माझी एक शंका आहे. स्प्रिंग पूर्ण सरळ नियमाने वागतच नसेल तर? जास्त वजनाला ती थोडी कमी ताणली जात असेल तर तिसरा बिंदू वर आणि चौथा खाली दिसेल. t चा वर्ग हाही एक स्तंभ घालून पाहिला तर?

कोष्टक

मी घालून पाहिला. t² चा स्तंभ जोडला की तेच सारे चालते, फक्त प्रतलाऐवजी तीन मितींचा पोटअवकाश होतो आणि नॉर्मल समीकरणे तीन होतात. वर्गांची बेरीज 0.09 वरून 0.05 वर येते. म्हणजे उरलेल्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग वक्रतेने उचलला. पण चारपैकी तीन मिती आपण खर्च केल्या, शेषासाठी एकच राहिली. तेवढ्यावरून स्प्रिंग वाकडी की नोंद वाकडी हे मी तरी सांगू शकत नाही.

पाटीपेन्सिल

चौकशी केली. पहिल्या दोन आणि चौथी नोंद एका मुलीने घेतली होती आणि तिसरी तिच्या जोडीदाराने, जो तिच्याहून वीतभर उंच आहे आणि उभा राहून वाचत होता. त्याचे म्हणणे, "मॅडम, मी वाकून पाहिले होते." मुलीचे म्हणणे, नव्हते पाहिले. प्रयोगशाळा सोमवारी उघडेल, तेव्हा सहा चकत्यांपर्यंत चढवत आणि उतरवत, अशा बारा नोंदी घेणार आहे. त्रिज्या ताई, चढवतानाच्या आणि उतरवतानाच्या नोंदी एकाच सदिशात एकाखाली एक मांडल्या तर चालतील, की दोन वेगळ्या रेषा बसवाव्यात?

त्रिज्या

आधी दोन्ही वेगळ्या मांडून दोन c पाहा. ते जुळत नसतील तर स्प्रिंग मोकळी सोडल्यावर मूळ लांबीवर परत येत नाही, असा अर्थ निघू शकतो, आणि तसे असेल तर सगळ्या बारा नोंदी एकाच प्रतलावर पाडणे मला योग्य वाटत नाही. उंबरठा सरांचे मत वेगळे असू शकते.

उंबरठा

वेगळे आहे. एकाच सारणीत बारा ओळी घ्या आणि तिसरा स्तंभ असा जोडा की ज्यात चढवतानाच्या नोंदींना 0 आणि उतरवतानाच्यांना 1 असेल. त्याचा गुणक शून्याजवळ येतो का ते पाहा. "जवळ" म्हणजे किती, ते बारा नोंदींचे शेष पाहिल्यावर बोलू.